फोनच्या आधी रोस्टर मागा

‘रोटेशनल शिफ्टला कम्फर्टेबल आहात ना?’

नोकरीसाठी येणाऱ्या पहिल्या फोनवर हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असतो. आधी सध्याचा सीटीसी, मग अपेक्षित सीटीसी, मग नोटीस पिरियड, मग हिंजवडीला रोज यायची तयारी आणि मग हा. उमेदवार ‘हो’ म्हणतो. फोन करणारी मुलगी बहुतेक वेळा कन्सल्टन्सीतली असते. तिच्यासमोर एक्सेलची शीट उघडी असते आणि शिफ्टच्या रकान्यात ‘येस’ किंवा ‘नो’ एवढंच बसतं. ‘नो’वाली ओळ तिथेच गळते हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून ‘येस’ लिहिलं जातं आणि पुढच्या दीड-दोन वर्षांची झोप त्या रकान्यात जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न त्यांनी फोनवर विचारायच्या आधी आपण लेखी विचारायचा, तोही फोनची वेळ द्यायच्या आधी. नंतर विचारू म्हटलं की नंतर कधीच येत नाही. पहिला फोन झाला, टेक्निकल राउंड झाला, मॅनेजर राउंड झाला, घरी आईला सांगून झालं, की मग ‘आठवड्याला किती नाईट?’ हे विचारायला जीभ उचलत नाही. तोवर आपण मनाने जॉईन झालेलो असतो. पहिल्या मेलच्या वेळी मात्र कोणाचं काहीच गेलेलं नसतं. त्यांनी एक मेल पाठवलेला असतो आणि आपण तो वाचलेला असतो. भाड्याचं घर बघायला जाण्याआधी पाणी किती वाजता येतं हे आपण दलालाला फोनवरच विचारतो आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. इथेही तेवढाच हक्क आहे.

कारखान्यातल्या कामगाराला हे विचारावं लागत नव्हतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामाच्या वेळांची नोटीस कारखान्यात लावणं मालकावर बंधनकारक होतं. कोणत्या गटाची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते, हे त्या कागदावर आधीच लिहिलेलं असायचं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पहिली, दुसरी, तिसरी म्हटलं की घरातल्या शाळकरी पोरालाही वेळा पाठ असायच्या. त्याच पट्ट्यातल्या आजच्या सपोर्ट इंजिनिअरला जॉईन होऊन आठवडा झाला तरी आपण कोणत्या पाळीत आहोत हे कळलेलं नसतं. ‘रोस्टर शुक्रवारी येईल,’ एवढंच उत्तर मिळतं.

तर मेल कसा लिहायचा? तो इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच असावा: ‘जेडी वाचला, कामात रस आहे. बोलण्याची वेळ ठरवण्याआधी चार गोष्टी कळवाल का? मागच्या महिन्यात या टीमचं रोस्टर कसं होतं, एका पाळीला किती जण असतात आणि टीममध्ये एकूण किती? रात्रीच्या पाळ्या सलग किती लागतात आणि त्यानंतर सुट्टी किती मिळते? ऑन-कॉल असेल तर किती आठवड्यांतून एकदा, आणि फोन आल्यावर किती मिनिटांत लॉगिन व्हावं लागतं? नाईट आणि ऑन-कॉलचा भत्ता सीटीसीच्या आत आहे की बाहेर?’ बस. माफी मागायची नाही, घरची अडचण सांगायची नाही, ‘मला काहीही चालेल, फक्त माहितीसाठी विचारतो’ असंही जोडायचं नाही. हे शेवटचं वाक्य लिहिलं की उत्तर देण्याची गरजच उरत नाही.

‘मागच्या महिन्यात’ हे शब्द मेलमधून काढू नका. ‘शिफ्ट कशा असतात?’ असं विचारलं की धोरण सांगितलं जातं. ‘मागच्या महिन्यात कशा होत्या?’ असं विचारलं की कोणाला तरी खरी शीट उघडावी लागते. कन्सल्टन्सीतल्या मुलीकडे ती नसते आणि तो तिचा दोष नाही, तिला दोन पानांचा जेडी देऊन फोनला बसवलेलं असतं. तिला म्हणायचं, मॅनेजरला विचारून कळवा, घाई नाही. टीम नीट चालत असेल तर एक-दोन दिवसांत उत्तर येतं, कारण रोस्टर ही गोष्ट लपवण्यासारखी नसते, ती टीमच्या ग्रुपवर पडलेलीच असते.

आता उत्तरं वाचायची कशी ते बघू. ‘अ‍ॅज पर बिझनेस रिक्वायरमेंट’ म्हणजे रोस्टर ठरलेलं नाही, किंवा ठरलेलं आहे आणि सांगायचं नाही. ‘मोस्टली जनरल शिफ्ट’ आलं तर त्या ‘मोस्टली’च्या बाहेर महिन्यातले किती दिवस राहतात ते विचारा. ‘ते टेक्निकल राउंडमध्ये डिस्कस होईल’ असं आलं तर तिथे ते होत नाही. तिथे लिनक्स विचारतात, एसक्यूएल विचारतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणतात.

सगळ्यात जास्त सांगून जातो तो माणसांचा आकडा. एक उदाहरण मांडतो. एका बँकेच्या पेमेंट सिस्टिमसाठी पुण्यात प्रॉडक्शन सपोर्टची टीम आहे. काम चोवीस तास, सातही दिवस, आणि एका वेळी किमान एक माणूस स्क्रीनसमोर हवा. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे आठवड्याच्या एकवीस. एक माणूस आठवड्याला पाच पाळ्या करतो. टीममध्ये चार जण असतील तर वीस पाळ्या भरतात आणि एक उरते. म्हणजे कोणीही आजारी नसताना, कोणाच्याही घरी लग्न नसताना दर आठवड्याला एकाला सहावा दिवस करावाच लागतो. आता चौघांपैकी एक जण बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेला. उरले तीन. एकवीस भागिले तीन, सात. त्या आठवड्यात तिघांनाही वीक-ऑफ नाही. तिघांत एक नवा असेल आणि त्याला एकट्याला नाईटला बसवता येत नसेल, तर उरलेल्या दोघांचं काय होतं ते सांगायला नको.

पाच जण असले तर पंचवीस पाळ्या होतात, चार शिलकीत राहतात. पण एक रजेवर गेला की पुन्हा वीस आणि पुन्हा तोच सहावा दिवस. सहा जण असले की कुठे एक जण रजेवर असतानाही सगळ्यांना दोन सुट्ट्या मिळतात. एका खुर्चीसाठी सहा माणसं, हे मनात पक्कं धरा. दोन खुर्च्या असतील तर आठवड्याला बेचाळीस पाळ्या, आणि रजेची सोय धरून दहा जण लागतात. मेलमध्ये ‘२४×७ सपोर्ट, टीम साइज ४’ असं उत्तर आलं तर पुढचं काहीही विचारायची गरज नाही. तुमच्या सुट्टीचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

याला एक खरा अपवाद आहे आणि तोही विचारून घ्यावा. काही टीममध्ये आपली रात्र अमेरिकेतले किंवा युरोपातले सहकारी सांभाळतात. संध्याकाळी हँडओव्हर द्यायचा आणि लॅपटॉप मिटायचा. तिथे चार जणही पुरतात. मग प्रश्न एवढाच राहतो, की त्या दुसऱ्या देशात सुट्टी असते तेव्हा कोण बसतं? नाताळच्या आठवड्यात बहुधा पुणं बसतं. दिवाळीच्या आठवड्यात ते बसतात का, हे विचारा.

‘फिक्स शिफ्ट’ म्हटली तरी ती वर्षभर तीच राहते असं नाही. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाला जोडलेली टीम आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन बसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपली पाळी साडेसात ते साडेचार होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा फिरते. एका तासाने काय होतं, असं वाटेल. साडेतीनला सुटलेला माणूस कॅबने साडेचारला घरी येतो आणि उजाडायच्या आत झोपतो. साडेचारला सुटलेला घरी पोहोचतो तेव्हा दूधवाला जिना चढत असतो.

सलग नाईट किती आणि नंतर सुट्टी किती, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. शुक्रवारी रात्री दहाला बसलेला माणूस शनिवारी सकाळी सातला उठतो. रोस्टरमध्ये शनिवार ‘ऑफ’ दिसतो. तो शनिवार झोपेत जातो आणि रविवारी सकाळी सहाला पुन्हा पाळी असते. १९४८ च्या त्याच अधिनियमात यावर एक कलम होतं. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचा दिवस म्हणजे ती पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास. तारीख बदलली म्हणजे सुट्टी झाली, असं तिथे चालत नव्हतं. कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखलेली गोष्ट आज रोस्टरची शीट बनवणाऱ्याला कळत नाही, याचा मला राग येतो.

पाळी कोणत्या दिशेने फिरते हेही बघा. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे सरकणारी फेरी शरीराला त्यातल्या त्यात सोसते, कारण उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं असतं. उलटी फेरी वाईट. दुसरी पाळी करून रात्री दहाला सुटायचं आणि सकाळी सहाला पहिलीला हजर व्हायचं, म्हणजे मध्ये आठ तास. त्यातून वाकड ते घर आणि घर ते वाकड वजा करा, जेवण वजा करा. युरोपीय संघाच्या नियमात दोन कामांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती ही किमान मर्यादा आहे. आपल्याला कोणी देवो न देवो, हा आकडा मनात ठेवून रोस्टर वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम ‘माणसात कर्करोगाला बहुधा कारण’ या गटात २००७ साली टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. याचा अर्थ नाईट केली की आजार झालाच असा नाही. पण ‘दोन महिन्यांत सवय होते’ असं सांगणाऱ्या मॅनेजरवर विसंबू नये, एवढा नक्की आहे.

ज्यांना फिट्सचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर हे विचारणं म्हणजे चैन नाही. झोप तुटणं हे झटक्याचं ओळखीचं कारण आहे. इन्शुलिन घेणाऱ्याच्या जेवणाच्या वेळा दर आठवड्याला फिरल्या की सगळं गणित फिरतं. अशा माणसाने पहिल्या मेलमध्ये आजाराचं नाव लिहू नये, लिहायची गरजही नाही. वरचे चार प्रश्न जसेच्या तसे विचारावेत. उत्तर वाचून ठरवता येतं आणि आजार आपल्याजवळ राहतो.

बायकांसाठी महाराष्ट्रात कायदा स्पष्ट बोलतो. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमाप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामाला लावायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची तजवीज लागते आणि कामावरून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. दारापर्यंत, चौकापर्यंत नाही, सोसायटीच्या रस्त्यापर्यंत नाही. आणि संमती म्हणजे एक्सेलच्या रकान्यातलं ‘येस’ नव्हे. रोस्टर न दाखवता घेतलेली संमती कशाला दिली, हे देणारीलाच माहीत नसतं. म्हणून मुलींनी मेलमध्ये एक ओळ वाढवावी: कॅब दोन्ही बाजूंनी आहे का, किती किलोमीटरच्या हद्दीपर्यंत, आणि सोबत गार्ड असतो का? २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीला ठरवून दिलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने वाटेतूनच वळवून नेलं, तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा खून केला. तेव्हा हा प्रश्न विचारणारी मुलगी ‘डिमांडिंग’ आहे असं कोणा रिक्रूटरला वाटत असेल, तर त्याने हे शहर आठवावं.

राहिला ऑन-कॉल. यात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण तो कामाच्या वेळात मोजलाच जात नाही. जेडीमध्ये एक ओळ असते: ‘ऑकेजनल ऑन-कॉल सपोर्ट’. माणूस समजतो, कधीतरी फोन येईल. प्रत्यक्षात आठवडाभर फोन उशाशी, लॅपटॉप पाठीवर, आणि अलर्ट वाजल्यापासून पंधरा मिनिटांत लॉगिन. त्या आठवड्यात सिंहगडावर जाता येत नाही, नाटकाला बसता येत नाही, गाडी चालवत साताऱ्याला जाता येत नाही. फोन एकदाही वाजला नाही तरी.

म्हणून खरा आकडा आहे तो मिनिटांचा. बेल्जियममधल्या नीवेल गावच्या एका अग्निशामक स्वयंसेवकाचा खटला युरोपीय न्यायालयात गेला होता. बोलावणं आलं की त्याला आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचावं लागे. २०१८ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की घरी बसून असला तरी हा वेळ कामाचाच. २०२१ मध्ये स्लोव्हेनियातल्या एका प्रक्षेपण तंत्रज्ञाचा खटला आला. त्याला एक तास मिळत असे. तिथे न्यायालयाने असा वेळ आपोआप कामाचा ठरत नाही, बंधन किती जाचक आहे ते बघावं लागेल, असं सांगितलं. हे निकाल आपल्याकडे लागू नाहीत. पण मोजायची पट्टी त्यांनी दिली: किती मिनिटं, आणि तेवढ्या मिनिटांत माणूस स्वतःचं काय करू शकतो. पंधरा मिनिटांचा ऑन-कॉल आठ मिनिटांच्या जवळचा आहे.

माणसांचा आकडा इथेही लागतो. ऑन-कॉलच्या फेरीत चार जण असतील तर दर चौथा आठवडा तुमचा, वर्षाचे तेरा. प्रायमरीसोबत सेकंडरीही लावत असतील तर दर दुसरा आठवडा, म्हणजे अर्धं वर्ष. उत्तर आलं की आणखी एकच विचारा: मागच्या महिन्यात रात्री बारा ते सहा या वेळेत फोन किती वेळा वाजला? पेजरड्यूटीसारखी सिस्टिम असेल तर हे सहज निघतं. सांगता येत नसेल तर तिथे कोणी मोजत नाही, आणि जे कोणी मोजत नाही ते कमी करायच्या मागेही कोणी लागत नाही. पहाटे तीनला उठलेल्या माणसाला सकाळी साडेनऊच्या स्टँडअपला हजर राहावं लागतं की दुपारी आलं तरी चालतं, तेही याच उत्तरात कळावं.

आता भीतीचं. ‘इतकं विचारलं तर नावच कापतील.’ कधी कधी कापतील, खोटं कशाला सांगू. शीट घेऊन बसलेल्याला पन्नास जण हवे असतात आणि प्रश्न विचारणारा एक वेळ खातो. पहिलीच नोकरी शोधणाऱ्या, हातात दुसरं काही नसलेल्या पोराला हे नाव कापलं जाणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. त्याने फक्त पहिले दोन प्रश्न विचारावेत आणि नाईट असली तरी घ्यावी. पण आधी कळलेलं असलं की तो खोली ऑफिसजवळ घेतो, दिवसा झोपणारा रूममेट शोधतो, भत्ता दर नाईटचा आहे की पगारात आधीच मिसळलेला आहे हे बघून पैसे मोजतो. काही जणांना नाईटच हवी असते, कोणाला दिवसा परीक्षेचा अभ्यास, कोणाला आजारी वडिलांजवळ दिवसा कोणीतरी हवं. त्यांच्यासाठीही प्रश्न हाच, कारण ‘फक्त नाईट’ आणि ‘दर आठवड्याला बदलणारी’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ज्याच्या हातात नोकरी आहे, त्याने मात्र घाबरू नये. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असलेल्या माणसाने रोस्टर न बघता राजीनामा टाकणं फार महागात पडतं. परत फिरता येत नाही, कारण तोवर जुन्या जागी दुसरा आलेला असतो. पाच वर्षांचा अनुभव असलेला, टीम चालवून दाखवलेला माणूस चार ओळींच्या मेलमुळे नको झाला असेल, तर त्या टीमला माणूस नको होता, पाळी भरायला कोणीतरी हवं होतं.

उत्तर नीट आलं, आकडे पटले, तर त्याच मेलला उत्तर देऊन फोनची वेळ द्या. फोनवर ‘रोटेशनल चालेल ना?’ आलंच, तर ‘तुम्ही मेलमध्ये पाठवलेलं रोस्टर चालेल’ असं म्हणा, नुसतं ‘हो’ नको. पुढे ऑफर लेटर येईल. त्यात ‘कंपनी ठरवेल त्या कोणत्याही पाळीत काम करावं लागेल’ असं कलम असतंच, ते सगळ्यांच्याच पत्रात असतं आणि ते काढून देत नाहीत. त्यावर भांडू नका. जुना मेल एचआरला फॉरवर्ड करा आणि विचारा, की जॉईन होताना टीमचं रोस्टर हेच असेल का. ‘हो’ असं एका ओळीचं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. उत्तर येईपर्यंत राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या.